फाइल सापडते, नाव आणि आकार बरोबर, पण उघडत नाही: फॅट३२ आणि एनटीएफएसवर डिलीटनंतर काय उरते

लक्षण नेहमी सारखेच असते. पेन ड्राइव्हवरची फाइल चुकून डिलीट झाली म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवले. यादीत फाइल दिसली, नाव जवळपास बरोबर, तारीख बरोबर, आकार तर बाइटपर्यंत बरोबर. शेजारी हिरव्या रंगात ‘स्थिती उत्तम’ असेही लिहिलेले. फाइल दुसरीकडे उतरवून घेतली, उघडायला गेलो, तर ‘फाइल खराब आहे’. किंवा उघडते, पण आत भलत्याच फोटोचा तुकडा असतो. तेच सॉफ्टवेअर संगणकाच्या आतल्या हार्ड डिस्कवर चालवले तर फाइल व्यवस्थित परत येते.

मग लोक एकामागून एक सॉफ्टवेअर बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो, आतली डिस्क एनटीएफएसमध्ये, आणि या दोन फाइल सिस्टीम डिलीट करताना वेगवेगळ्या गोष्टी पुसतात. फॅटवर नाव आणि आकार उरतात, पण फाइल डिस्कवर कुठे कुठे आहे याचा नकाशा जातो. एनटीएफएसवर नकाशाही उरतो, मात्र नाव, आकार आणि नकाशा हे सगळे एकाच नोंदीत असते आणि ती नोंद नव्या फाइलला मिळाली की तिन्ही एकदम जातात. फाइल सापडूनही उघडत नसेल, तर यातले आपल्याकडे काय झाले आहे हे आधी ओळखायचे.

आधी ड्राइव्हवर लिहिणे थांबवा

पेन ड्राइव्ह काढून ठेवा. विंडोजमध्ये तो पुन्हा नुसता जोडला तरी विंडोज त्यावर `System Volume Information` नावाचे फोल्डर तयार करून त्यात बारीकसारीक लिहू शकते. `chkdsk` चालवू नका. ते फाइल सिस्टीमची दुरुस्ती करते, डिलीट केलेल्या फाइल परत आणत नाही, आणि दुरुस्ती म्हणजे लिहिणे आलेच. काम नेहमी प्रतिमेवर, म्हणजे ड्राइव्हच्या बाइट-न्-बाइट उतरवलेल्या प्रतीवर करायचे. लिनक्सवर ड्राइव्ह माउंट न करता:

```
sudo ddrescue -d /dev/sdX1 pen.img pen.map
```

`sdX1` च्या जागी तुमचे विभाजन लिहा. विभाजनाचीच प्रतिमा घ्या, म्हणजे पुढचे सगळे सेक्टर क्रमांक शून्यापासून मोजता येतात. यापुढचे सर्व प्रयोग `pen.img` वर.

फॅट नकाशा का पुसते

फॅट मुळात १९७७ च्या काळातली रचना आहे. फॅट३२ हा तिचा १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेला मोठा भाऊ. डिस्कचे सारख्या आकाराचे क्लस्टर पाडायचे आणि प्रत्येक क्लस्टरसाठी एका तक्त्यात एक खाना ठेवायचा, एवढीच कल्पना. फाइलच्या पहिल्या क्लस्टरच्या खान्यात दुसऱ्या क्लस्टरचा क्रमांक, दुसऱ्याच्या खान्यात तिसऱ्याचा, अशी साखळी. शेवटच्या खान्यात ‘इथे संपले’ ही खूण.

आता प्रश्न असा की एखादा क्लस्टर रिकामा आहे हे फॅटला कसे कळते? त्याच तक्त्यात, त्याच खान्यात शून्य असते म्हणून. रिकाम्या जागेची वेगळी यादी नाही. एकच तक्ता दोन कामे करतो, आणि म्हणून जागा मोकळी करणे म्हणजेच साखळी पुसणे. त्यात हलगर्जी किंवा दुष्टपणा काही नाही, दुसरा मार्गच रचनेत नाही. आणि तक्त्याची दुसरी प्रत असते ना, तिच्यात जुनी साखळी असेल, असे बऱ्याच जणांना वाटते. दोन्ही प्रती बरोबरीने लिहिल्या जातात. ती प्रत पहिला तक्ता खराब झाला तर कामी येते, डिलीट उलटवायला नाही.

फोल्डरमधली नोंद मात्र बरीचशी तशीच राहते. फॅटमध्ये फोल्डर म्हणजे ३२-३२ बाइटच्या नोंदींची यादी. नोंदीत नाव, तारखा, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक असतो. डिलीट करताना नावाचे पहिले अक्षर `E5` या बाइटने झाकले जाते, बस. म्हणून सॉफ्टवेअर `_EPORT.DOC` असे नाव दाखवते. लांब नाव असेल तर ते शेजारच्या जादा नोंदींत असते. तिथे `E5` अनुक्रमांकावर पडते, नावावर नाही, म्हणून लांब नावाचे पहिले अक्षर सहसा परत मिळते. सगळी अक्षरे मोठी आणि नाव आठ अक्षरांच्या आत असेल तर जादा नोंदच नसते, आणि ते अक्षर आपले आपणच आठवायचे.

इथपर्यंत माहिती बहुतेक लेखांत मिळते आणि त्यावरून असे वाटते की पहिला क्लस्टर आणि आकार माहीत आहे, म्हणजे तिथून सलग वाचत गेले की झाले. फाइल सलग लिहिलेली असेल तर खरोखर झाले असते. पण फॅट३२ वर विंडोज आणखी एक गोष्ट करते.

क्रमांकाचा अर्धा भाग

जुन्या फॅटमध्ये क्लस्टर क्रमांक दोन बाइटचा होता. फॅट३२ मध्ये तो मोठा झाला, पण जुन्या नोंदीची मांडणी मोडायची नव्हती. म्हणून खालचे दोन बाइट जुन्याच जागी ठेवले (नोंदीतला `1A` पासूनचा भाग) आणि वरचे दोन बाइट आधी रिकाम्या असलेल्या जागेत (`14` पासून) घातले. विंडोज फॅट३२ वरची फाइल डिलीट करताना हे वरचे दोन बाइट शून्य करून टाकते. खालचे दोन राहतात.

परिणाम विचित्र आहे. फाइल ६५,५३६ च्या आतल्या क्लस्टरपासून सुरू होत असेल तर वरचे बाइट मुळातच शून्य होते, काही बिघडत नाही. त्यापुढे सुरू होणाऱ्या प्रत्येक फाइलची नोंद आता चुकीच्या जागेकडे बोट दाखवते. क्लस्टर ८ केबीचा असेल तर ही सीमा ५१२ एमबीवर येते, ३२ केबीचा असेल तर २ जीबीवर. आधी भरलेल्या भागातल्या फाइल नीट येतात, नंतरच्या येत नाहीत. एकाच ड्राइव्हवर निम्म्या फाइल सुधारल्या आणि निम्म्या बिघडल्या हे कोडे बहुतेकदा इथे सुटते.

‘स्थिती उत्तम’ का दिसते तेही इथेच कळते. सॉफ्टवेअर नोंदीतल्या क्रमांकापासूनचे क्लस्टर सध्या मोकळे आहेत का एवढेच बघते. क्रमांकच चुकीचा असेल तर ते भलतेच क्लस्टर तपासते, ते मोकळे निघतात आणि हिरवा रंग लागतो. त्या रंगावर विसंबू नका.

लिनक्सवरून डिलीट केलेल्या फाइलमध्ये वरचे बाइट सहसा शाबूत असतात. म्हणजे फाइल कुठल्या यंत्रावर डिलीट झाली हा प्रश्न आधी विचारण्यासारखा आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत

१६ जीबीचा पेन ड्राइव्ह, फॅट३२, क्लस्टर ८ केबी. डिलीट झालेली फाइल `REPORT.DOC`. प्रतिमेत नोंद अशी दिसते:

```
E5 45 50 4F 52 54 20 20  44 4F 43 20 00 64 85 7A
6E 56 6E 56 00 00 C0 7A  6E 56 C2 A5 B0 C4 12 00
```

दुसऱ्या ओळीतले शेवटचे चार बाइट म्हणजे आकार. उलट्या क्रमाने वाचायचे: `0012C4B0`, म्हणजे १२,३०,००० बाइट. त्याआधीचे `C2 A5` हा क्लस्टर क्रमांकाचा खालचा भाग, `A5C2`, म्हणजे ४२,४३४. आणि त्याच ओळीतले पाचवे-सहावे बाइट `00 00` हा वरचा भाग. तो खरोखर शून्य होता की शून्य केला गेला, हे नोंदीवरून सांगता येत नाही.

सॉफ्टवेअरने ४२,४३४ पासून वाचले आणि कचरा दिला. म्हणजे वरचा भाग गेलेला आहे. पण तो शोधणे वाटते तेवढे अवघड नाही. एवढ्या ड्राइव्हवर क्लस्टर साडेएकोणीस लाखांच्या आसपास बसतात. त्याला ६५,५३६ ने भागले की वरच्या भागासाठी शून्य ते २९ एवढ्याच किमती उरतात. तीस जागा. प्रत्येक जागेवर जाऊन फाइलच्या सुरुवातीची खूण आहे का बघायचे.

क्लस्टर क्रमांकावरून सेक्टर काढायला डेटा कुठून सुरू होतो ते हवे. स्लूथ किट या साधनसंचातली `fsstat pen.img` ही आज्ञा ते सांगते; पुढच्या `blkstat`, `fls` आणि `icat` याही त्याच संचातल्या. या ड्राइव्हवर समजा ते ३२,७६८ आहे. क्लस्टरची मोजणी दोनापासून सुरू होते (शून्य आणि एक हे खाने तक्त्याने स्वतःसाठी राखलेले आहेत, इथे दोन वजा करायचे राहून गेले की सगळे उत्तर बत्तीस सेक्टरांनी सरकते), आणि ८ केबीच्या क्लस्टरमध्ये ५१२ बाइटचे १६ सेक्टर. म्हणून:

```
32768 + (42434 - 2) * 16   = 711680
65536 * 16                 = 1048576
```

पहिली जागा ७,११,६८०. पुढची प्रत्येक जागा १०,४८,५७६ सेक्टरने पुढे. लिनक्सच्या शेलमध्ये:

```
for k in $(seq 0 29); do
  s=$((711680 + k*1048576))
  printf "%2d %d " $k $s
  dd if=pen.img bs=512 skip=$s count=1 2>/dev/null \
    | xxd -p -l 8
done
```

जुन्या वर्ड फाइलची खूण `d0cf11e0a1b11ae1`. जेपीजी असती तर `ffd8ff`, पीडीएफ असती तर `25504446`, नवी डॉक्स फाइल किंवा झिप असती तर `504b0304` शोधायची. समजा आपल्याला दोन ओळींत खूण सापडली: ३ आणि ११. आता त्यातली कुठली?

```
blkstat pen.img 3857408
blkstat pen.img 12246016
```

दुसऱ्या जागेवर `Allocated` आले. म्हणजे ती आजही जिवंत असलेल्या कुठल्या तरी दुसऱ्या वर्ड फाइलची सुरुवात आहे, ती सोडा. पहिल्या जागेवर `Not Allocated` आहे. हाच आपला उमेदवार, खरा क्लस्टर क्रमांक `0003A5C2`, म्हणजे २,३९,०४२. फाइल १२,३०,००० बाइटची, म्हणजे २,४०३ सेक्टर:

```
dd if=pen.img of=report.doc bs=512 skip=3857408 count=2403
truncate -s 1230000 report.doc
file report.doc
```

`file` ने `Composite Document File V2 Document` असे म्हणून शीर्षक, लेखक, शेवटची तारीख दाखवली आणि ती ओळखीची निघाली, की सुरुवात नक्की झाली. शेवटपर्यंत शाबूत आहे की नाही ते फाइल उघडल्यावरच कळेल.

एकापेक्षा जास्त मोकळे उमेदवार निघाले तर त्याच फोल्डरमधल्या, त्याच सुमारास लिहिलेल्या जिवंत फाइलींचे वरचे बाइट बघा. विंडोज एका मागोमाग लिहिलेल्या फाइल साधारण जवळजवळ ठेवते, म्हणून शेजाऱ्यांचा वरचा भाग `0003` असेल तर आपलाही तोच असण्याची शक्यता मोठी. वर्डच्या बाबतीत आणखी एक गंमत असते: ते काम करताना `~WRL` ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाइल बनवते आणि नंतर डिलीट करते. त्यामुळे एखादा जादा उमेदवार म्हणजे तुमच्याच दस्तऐवजाची जुनी आवृत्ती असू शकतो. तो फेकू नका, वेगळ्या नावाने ठेवा.

अख्खे फोल्डर डिलीट झाले असेल तर याच कारणाने ते रिकामे दिसते, कारण फोल्डरचाही पहिला क्लस्टर अर्धाच उरतो. पण प्रत्येक उपफोल्डरच्या पहिल्या दोन नोंदी `.` आणि `..` असतात, आणि `.` या नोंदीत त्या फोल्डरचा स्वतःचा क्रमांक असतो. बाहेरची नोंद पुसली तरी आतली तशीच राहते. सॉफ्टवेअरचा ‘सखोल शोध’ फॅटवर बराचसा हेच करतो: मोकळ्या जागेत `2E 20 20 20` ने सुरू होणारे क्लस्टर शोधतो. म्हणून फोल्डर गेले असेल तेव्हा झटपट शोधावर थांबू नका.

सुरुवात बरोबर, पण अर्ध्यानंतर बिघाड

फोटोचा वरचा भाग नीट दिसतो आणि खाली करडा पट्टा किंवा दुसराच फोटो, असे असेल तर वरची युक्ती लागू नाही. सुरुवात सापडली आहे, साखळी हरवली आहे. फाइल तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली होती आणि पुढचा तुकडा कुठे हे सांगणारे खाने आता शून्य आहेत.

सॉफ्टवेअरला इथे अंदाज करावा लागतो. काही सरळ सलग वाचतात. काही वाटेत येणारे, आता दुसऱ्या फाइलच्या ताब्यात असलेले क्लस्टर वगळून फक्त मोकळे घेतात. दोन्ही करून बघा. मधे एखादी जिवंत फाइल असल्यामुळे तुकडा पडला असेल तर दुसरा अंदाज बरोबर ठरतो. पण दोन फाइल एकाच वेळी लिहिल्या गेल्या आणि दोन्ही डिलीट झाल्या, तर त्यांचे क्लस्टर एकमेकांत विणलेले असतात आणि सगळेच मोकळे. मग फॅटमध्ये त्यांना वेगळे करणारे काही उरलेले नसते. फाइलच्या स्वतःच्या रचनेवरूनच जोडणी करावी लागते, आणि ते मजकुराच्या किंवा फोटोच्या बाबतीत थोडेफार जमते, मोठ्या व्हिडिओच्या बाबतीत क्वचित. रोज थोडी थोडी वाढणारी फाइल, उदाहरणार्थ हिशेबाची वही किंवा ईमेलचा साठा, फॅटवरून पूर्ण परत येईल अशी आशा मी कुणाला देत नाही.

तीच फाइल एनटीएफएसवर असती तर

एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर आली, म्हणजे वयाने फॅट३२ पेक्षा मोठीच, पण रचना नव्या पद्धतीची. इथे कुठले क्लस्टर रिकामे आहेत याची यादी वेगळी आहे, `$Bitmap` नावाच्या फाइलमध्ये, एका क्लस्टरला एक बिट. आणि फाइलचा नकाशा `$MFT` या मुख्य तक्त्यातल्या तिच्या स्वतःच्या नोंदीत. नोंद साधारणपणे १,०२४ बाइटची. जागा मोकळी करायला `$Bitmap` मधले बिट शून्य केले की पुरते, नकाशाला हात लावायची गरजच पडत नाही.

डिलीट होताना नोंदीतला ‘वापरात आहे’ हा बिट शून्य होतो, नोंदीचा क्रमवारी आकडा एकाने वाढतो आणि फोल्डरच्या सूचीतून नाव निघते. नोंदीच्या आतले नाव, तारखा, आकार आणि नकाशा जिथल्या तिथे. आपली `REPORT.DOC` चार केबीच्या क्लस्टरवर तीन तुकड्यांत असती तर तिच्या नोंदीत असे काहीसे दिसले असते:

```
31 78 C2 A5 03   21 64 00 10   21 51 00 F8   00
```

`31` मधला `1` म्हणजे लांबी एका बाइटमध्ये, `3` म्हणजे जागा तीन बाइटमध्ये. लांबी `78`, म्हणजे १२० क्लस्टर. जागा `03A5C2`, म्हणजे २,३९,०४२. पुढचा तुकडा `64`, म्हणजे १०० क्लस्टर, आधीच्या सुरुवातीपासून `1000` पुढे: २,४३,१३८. तिसरा ८१ क्लस्टर, आणि `F800` ही ऋण संख्या आहे, म्हणजे २,०४८ मागे: २,४१,०९०. शेवटी `00`. एकूण ३०१ क्लस्टर, तीन तुकडे, तिसरा दुसऱ्याच्या मागे, आणि सगळे चौदा बाइटमध्ये डिलीटनंतरही वाचता येते. फॅटवर याच फाइलचे दीडशेवर खाने शून्य झाले होते.

म्हणून एनटीएफएसवर अंदाज करायचा नसतो, नोंद शोधायची असते:

```
fls -r -d disk.img > list.txt
icat disk.img 41873-128-1 > report.doc
```

`list.txt` मध्ये फाइलच्या नावासमोर दिसेल तो क्रमांक `icat` ला द्यायचा. इथला ४१८७३ हा उदाहरणापुरता. मधला `128` म्हणजे नोंदीतला डेटाचा भाग.

हे सगळे नोंद उरली असेल तर. आणि इथे एनटीएफएसची दुसरी बाजू येते. नवी फाइल बनली की तिला मोकळी असलेली जुनी नोंद दिली जाते, आणि तेव्हा जुने नाव, आकार, नकाशा एका झटक्यात जातात. त्यासाठी मोठी फाइल लिहावी लागत नाही. ब्राउझरने तयार केलेली एक छोटी तात्पुरती फाइल पुरते. चालू असलेल्या विंडोजची सी ड्राइव्ह दर मिनिटाला अशा फाइल बनवत असते. म्हणून मी एक उलटीच गोष्ट सांगेन: डिलीट झाल्यावर लगेच काढून ठेवलेला फॅटचा पेन ड्राइव्ह बऱ्याचदा दिवसभर चालू राहिलेल्या एनटीएफएस सी ड्राइव्हपेक्षा जास्त देतो. सी ड्राइव्हवरून काही हवे असेल तर संगणक बंद करून डिस्क दुसरीकडे लावणे हेच खरे, तिच्यावरच रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवणे नव्हे.

एनटीएफएसवर फाइल नाव-आकारासकट आली, पण मधूनच दुसऱ्याचा मजकूर निघाला, तर नकाशा बरोबर आहे आणि काही क्लस्टर नव्या फाइलींना गेले आहेत. प्रत्येक तुकड्याच्या क्लस्टरवर `blkstat` चालवा. कुठला तुकडा आता वापरात आहे ते कळते. एक मर्यादा लक्षात ठेवा: मोकळा दाखवला म्हणजे मधल्या काळात कुणी लिहून परत सोडला नाही, असे सिद्ध होत नाही.

कचरापेटी रिकामी केल्यावर नाव बदललेले दिसते

एनटीएफएसवर आधी कचरापेटीत टाकून मग ती रिकामी केली असेल तर यादीत `REPORT.DOC` सापडणारच नाही. कचरापेटीत जाताना फाइलचे नाव `$R` ने सुरू होणारे होते, पुढे काही अक्षरे आणि मूळ विस्तार. तिच्या जोडीला तीच अक्षरे असलेली `$I` फाइल बनते, जिच्यात मूळ मार्ग, आकार आणि डिलीटची वेळ असते. म्हणून `$Recycle.Bin` खालच्या `.doc` विस्ताराच्या `$R` नोंदी बघा आणि जोडीची `$I` वाचा.

नोंद नव्या फाइलला गेली नसेल तर ही `$I` फाइल जवळजवळ नेहमी परत येते, आणि त्याचे कारण रंजक आहे. ती इतकी छोटी असते की एनटीएफएस तिला वेगळा क्लस्टर देतच नाही, मजकूर `$MFT` च्या नोंदीतच ठेवते. साधारण सहा-सातशे बाइटपर्यंतच्या कुठल्याही फाइलचे असे होते. नोंद वाचली की फाइल वाचली. फॅटवर एका बाइटच्या फाइललाही पूर्ण क्लस्टर लागतो, तिथे ही सोय नाही.

सगळे बरोबर, आत मात्र नुसती शून्ये

एनटीएफएसवरची फाइल बरोबर आकाराची आली आणि `xxd` ने बघितल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत `00` दिसले, तर डिस्क बहुधा एसएसडी आहे. विंडोज ७ पासून डिलीट झाल्यावर ‘हे क्लस्टर आता नको आहेत’ असे एसएसडीला कळवले जाते, आणि बहुतेक एसएसडी त्या जागा वाचायला गेल्यावर शून्येच देतात. ही सोय चालू आहे का ते असे दिसते:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

एनटीएफएससमोर `0` असेल तर चालू आहे. मग नकाशा कितीही शाबूत असला तरी तो रिकाम्या घरांचे पत्ते देतो. कुठलेही सॉफ्टवेअर विकत घेऊन यात फरक पडणार नाही, तेवढे पैसे वाचवा. मात्र नोंदीतच राहणाऱ्या छोट्या फाइल इथेही वाचतात, कारण `$MFT` ची जागा कधी सोडलीच जात नाही. छोट्या टिपा, सेटिंगच्या फाइल, कचरापेटीच्या `$I` फाइल एसएसडीवरूनही मिळू शकतात, मोठा दस्तऐवज मिळत नाही. साध्या पेन ड्राइव्हवर हा प्रकार सहसा होत नाही.

मेमरी कार्ड ६४ जीबी किंवा मोठे असेल तर

ते बहुधा एक्सफॅट असते, आणि वर सांगितलेले फॅट३२ चे नियम त्याला जसेच्या तसे लावू नका. नावात फॅट असले तरी रिकाम्या जागेची यादी तिथे वेगळी आहे, त्यामुळे साखळी पुसणे ही गरज उरत नाही. डिलीट करताना नोंदीच्या प्रकाराच्या बाइटमधला फक्त वरचा बिट शून्य होतो, `85` चे `05` होते, `C0` चे `40` आणि `C1` चे `41`. पहिला क्लस्टर पूर्ण राहतो, नावाचे पहिले अक्षरही जात नाही, आणि सलग लिहिलेल्या फाइलसाठी ‘ही सलग आहे’ अशी खूणच नोंदीत असते. अशा कार्डवर फाइल सापडूनही उघडत नसेल तर वरचे बाइट शोधत बसू नका. तिच्या जागेवर नंतर काही लिहिले गेले आहे का ते आधी तपासा.